रिकाम्या जागांचे पैसे

"सातवीच्या दोन तुकड्यांची मिळून ९२ मुले आहेत. गेल्या वर्षी एका दिवसाच्या सहलीसाठी बस, प्रवेश तिकीट आणि खाऊ यांची बेरीज केली, वर दहा टक्के राखीव म्हणून धरले आणि प्रत्येकी ४८० रुपये घेतले. प्रत्यक्षात ८० मुले आली आणि शेवटी ३,६०० रुपये कमी पडले. आम्ही आठ शिक्षकांनी प्रत्येकी ४५० रुपये घालून ते भरले. यंदाही मुले तेवढीच आहेत आणि दरही तेच आहेत. शिवाय दोन मुलांना पैसे न घेता न्यायचे आहे. राखीव रक्कम दहाऐवजी वीस टक्के धरली तर पुरेल का? गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीचे पान सोबत पाठवत आहे." — एक वर्गशिक्षिका

नमस्कार बाई,

नाही, पुरणार नाही. वीस टक्क्यांनी तुमचा आकडा साधारण ५२५ रुपयांवर जाईल, पैसे भरणारी ७८ मुले धरली तर ४०,९५० रुपये जमतील आणि खर्च ४२,००० रुपये होईल, म्हणजे पुन्हा हजारभर रुपये तुम्हा शिक्षकांच्याच खिशातून जातील. टक्के वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण चूक राखीव रकमेत नसून ज्या संख्येने तुम्ही भागले त्या संख्येत आहे. शाळेच्या हिशेबाचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि सहलीच्या वहीत ही एकच चूक मला पुन्हा पुन्हा भेटली आहे, म्हणून ती सविस्तर मांडते.

तुमच्या वहीच्या पानावर वरच्या भागात निळ्या शाईने तीन ओळी आहेत. दोन बस, प्रत्येकी १४,०००, म्हणजे २८,०००. भागिले ९२, म्हणजे माणशी ३०४ रुपये ३५ पैसे. त्यात तिकिटाचे ६० आणि खाऊचे ७० मिळवून ४३४ रुपये ३५ पैसे, आणि त्यावर दहा टक्के धरून, पुढे दोन-अडीच रुपये वाढवून, ४८०. म्हणजे प्रत्येक मुलामागे राखीव म्हणून सुमारे ४५ रुपये ६५ पैसे तुमच्या हाती होते. ८० मुले आली, तेव्हा ही राखीव रक्कम एकूण ३,६५२ रुपये झाली. आता न आलेल्या बारा मुलांकडे पाहा. त्यांची तिकिटे काढावी लागली नाहीत आणि त्यांचा खाऊही घ्यावा लागला नाही, पण बसचे भाडे मात्र त्यांच्या नसण्याने एका पैशानेही कमी झाले नाही. त्या बारा जणांच्या वाट्याचे भाडे, बारा गुणिले ३०४ रुपये ३५ पैसे, किती होते? ३,६५२ रुपये. तुमची सगळी राखीव रक्कम बस शाळेच्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच त्या बारा मुलांच्या न भरलेल्या भाड्यात गेली होती. दिवसभरात काही अडचण आली असती तर तिच्यासाठी हाती काहीच उरले नव्हते.

मग कमी पडलेले ३,६०० रुपये कुठले? त्याच पानाच्या तळाशी, परतल्यावर काळ्या शाईने लिहिलेली 'इतर' अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात तपशील आहे. पार्किंग, टोल आणि बसवरच्या चालक-मदतनिसांचे जेवणखाण १,६००. शिक्षकांची आठ तिकिटे, प्रत्येकी १२० प्रमाणे, ९६०. शिक्षकांचा खाऊ ५६०. प्रथमोपचार पेटीची भरती, मुलांचे नावाचे बिल्ले आणि छपाई ४८०. बेरीज बरोबर ३,६००. यातला एकही खर्च अचानक उद्भवलेला नव्हता. शिक्षक बरोबर जाणार, त्यांना तिकीट लागणार आणि बस कुठेतरी उभी करावी लागणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. फक्त ते निळ्या शाईच्या भागात आले नाही.

यंदा पान मांडताना खर्चाचे दोनच ढीग करा. पहिल्या ढिगात तो खर्च टाका, जो एक मूल कमी आले किंवा जास्त आले तरी बदलत नाही. दोन्ही बसचे भाडे २८,०००, आणि त्यात वरच्या 'इतर' मधले सगळे ३,६०० रुपये, कारण शिक्षक आठ आहेत ते आठच राहणार. हा ढीग ३१,६०० रुपयांचा झाला. दुसऱ्या ढिगात मुलागणिक वाढणारा खर्च टाका, म्हणजे तिकीट ६० आणि खाऊ ७०, मिळून १३०. पहिला ढीग मुलांच्या संख्येने भागायचा, दुसरा जसाच्या तसा मिळवायचा. ८० मुलांसाठी पहिल्या ढिगाचा वाटा ३९५ रुपये येतो आणि एकूण ५२५. मुले ७२ च आली तर हाच आकडा ५६९ पर्यंत चढतो आणि ९० आली तर ४८१ पर्यंत उतरतो. राखीव रक्कम यात अजून धरलेलीच नाही. मुलागणिक १३० रुपयांचा भाग जागचा हलत नाही आणि सगळी चढउतार बसच्या ढिगातून येते, म्हणून भागायची संख्या निवडणे हाच या हिशेबातला खरा निर्णय आहे.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. तुमच्या पानावर प्रत्येक बसमध्ये ४९ आसने लिहिली आहेत, म्हणजे दोन्हींत मिळून ९८. सगळी ९२ मुले आली असती तर आठ शिक्षकांसह १०० माणसे झाली असती आणि दोघांना जागाच मिळाली नसती. मुलांना दाटीवाटीने तिघात चौथे बसवणे हा पर्याय मी मानत नाही आणि जागेसाठी दोन शिक्षक घरी ठेवणेही योग्य नाही, कारण गर्दीच्या ठिकाणी मुलांकडे लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची संख्या हा बचतीचा विषय नव्हे. याचा अर्थ तुमच्या दोन बसमध्ये जास्तीत जास्त ९० मुले बसतात. आणि प्रत्येकी ४८० रुपये घेऊन खर्च भागायचा असेल तर किमान ९१ मुले यायला हवी होती. गेल्या वर्षीचा आकडा कोणत्याही उपस्थितीला जुळणारा नव्हता, हे एवढ्यासाठी सांगते की मुले कमी आली म्हणून तूट पडली असे कोणी म्हणाले तर ते अर्धेच खरे आहे. ९१ व्या मुलाचे नाव यंदा आलेच तर तिसरी बस करू नका. तिने पहिला ढीग एकदम १४,८०० रुपयांनी वाढेल आणि दोन मुलांसाठी बाकी सगळ्यांच्या पालकांवर दीडशेहून जास्त रुपयांचा भार येईल. नावनोंदणीच्या वेळीच ९० ही मर्यादा सांगा, पुढची नावे प्रतीक्षा यादीत घ्या आणि कोणी गळले की त्यांना बोलवा. दर वर्षी काही मुले गळतातच, हे तुमच्याच वहीत दिसते.

भागायची संख्या निवडताना पटावरचा आकडा विसरून जा. पट ९२ चा आहे, पण सहलीला हात वर करणारी मुले, संमतिपत्र आणणारी मुले, पैसे भरणारी मुले आणि त्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष येणारी मुले हे चार वेगवेगळे आकडे असतात आणि प्रत्येक पायरीला काही मुले कमी होतात. तुमच्याकडे गेल्या वर्षीचा शेवटच्या पायरीचा आकडा आहे, ८०, आणि यंदाही तोच धरणे सावध ठरेल. वर्गात विचारल्यावर ८८ हात वर आले तरी ८० च धरा. जास्त मुले आली तर पैसे उरतात आणि ते परत करता येतात, पण कमी आली तर कोणाकडे पुन्हा मागता येत नाही.

दोन मुलांना विनामूल्य नेण्याचा तुमचा विचार चांगला आहे, तोही हिशेबात उघडपणे धरा. प्रवास करणारी मुले ८० आणि पैसे भरणारी ७८, हे दोन आकडे वेगळे लिहा. एकूण खर्च प्रवास करणाऱ्यांवर मोजायचा, म्हणजे ३१,६०० आणि १३० गुणिले ८०, मिळून ४२,०००. आणि भागायचे मात्र पैसे भरणाऱ्यांनी, म्हणजे ७८ ने. उत्तर ५३८ रुपये ४६ पैसे. ५२५ आणि ५३८ यांतले साडेतेरा रुपये हा त्या दोन मुलांसाठी प्रत्येकाने उचललेला वाटा आहे. शाळेकडे किंवा पालक संघाकडे गरजू मुलांसाठी निधी असेल तर हा भार तिथून घेणे जास्त बरे, कारण इतर पालकांना न विचारता त्यांच्याकडून तो घेतला जाऊ नये असे मला वाटते. निधी नसेल तर मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या. त्या दोन मुलांची नावे मात्र कोणत्याही यादीत वेगळी दिसू देऊ नका. पावत्यांच्या क्रमात त्यांच्याही पावत्या असू द्याव्यात आणि रकमेची नोंद फक्त मूळ वहीत राहावी.

आता राखीव रकमेकडे येऊ. एकूण खर्चावर सरसकट टक्के लावण्याची पद्धत सोपी असली तरी मला ती पटत नाही. ज्या तिकिटाचा दर ठरलेला आहे आणि ज्याचे पैसे आधीच भरून झाले आहेत, त्यावर दहा टक्के राखीव कशासाठी? त्या खर्चात अनिश्चितता उरलेलीच नसते. राखीव रक्कम ठरवताना त्या दिवशी खरोखर काय बिघडू शकते ते एकेक लिहा आणि त्याचीच किंमत धरा. तुमच्या पानावर बसच्या दरात दहा तास धरले आहेत आणि पुढच्या प्रत्येक तासाला बसमागे ५०० रुपये आहेत. मुले मोजून बसमध्ये बसवण्यात, प्रसाधनगृहाच्या रांगेत आणि परतीच्या रस्त्यावर मिळून दोन तास उशीर होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, म्हणून दोन बसचे दोन तास, २,००० रुपये. एखाद्या मुलाला बरे वाटेनासे झाले तर त्याला शिक्षकाबरोबर वेगळ्या वाहनाने दवाखान्यात किंवा घरी न्यावे लागते, त्यासाठी आणि औषधासाठी १,५००. कोणाचा खाऊ सांडतो आणि पाणी कमी पडते, त्यासाठी ५००. ही बेरीज ४,००० रुपये झाली. मुले कमी येण्याची भीती या रकमेत धरलेली नाही, कारण ती आपण ८० हा आकडा निवडतानाच भागवली आहे.

४२,००० आणि ४,००० मिळून ४६,०००. भागिले ७८, म्हणजे ५८९ रुपये ७४ पैसे. रक्कम पूर्णांकात आणायची ती इथे, एकदाच, आणि वरच्या बाजूला: ५९० रुपये. प्रत्येक बाब स्वतंत्रपणे वर खेचत गेलात तर शेवटी आकडा विनाकारण फुगतो आणि पालकांनी हिशेब विचारला की उत्तर देता येत नाही.

हा आकडा कितपत टिकतो ते तपासून पाहा, कारण मुख्याध्यापक तुम्हाला हाच प्रश्न विचारतील. समजा पैसे भरणारी ७८ ऐवजी ७० च मुले निघाली. ७० गुणिले ५९० म्हणजे ४१,३०० रुपये जमतील. त्या दोघांसह ७२ मुलांचा खर्च ३१,६०० अधिक ९,३६०, म्हणजे ४०,९६० होईल. राखीव रक्कम जवळजवळ संपेल, पण तूट पडणार नाही. ६९ वर मात्र १२० रुपये कमी पडतात. म्हणजे ७० हा तुमचा तळ आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत ७० मुलांचे पैसे आले नाहीत तर सहल रद्द करायची की एक बस लहान करायची, हे बसमालकाशी आजच बोलून ठेवा. बुकिंग करतानाच त्याला विचारा की अमुक तारखेपर्यंत कळवले तर दुसरी बस तीसेक आसनांची देता येईल का आणि तिचे भाडे किती होईल.

तरीही ५९० रुपये एकदम मागू नका. गेल्या वर्षी ४८० घेतले आणि यंदा ५९० कशाला, असे पालक विचारणारच. शिवाय मुले जास्त आली तर एवढ्या रकमेची गरजही नसते. संमतिपत्रात 'जास्तीत जास्त ५९० रुपये, दोन हप्त्यांत' असे लिहा. पहिला हप्ता ४०० रुपयांचा घ्या आणि तो बसची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी घ्या. तुमचा तळ ७० मुलांचा आहे आणि ७० गुणिले ४०० म्हणजे बरोबर २८,००० होतात, म्हणजे सगळ्यात मोठा आणि मागे न घेता येणारा खर्च पहिल्या हप्त्यातच पुरा होतो. तोंडी होकारापेक्षा हा हप्ता भरलेला आकडा कितीतरी जास्त भरवशाचा असतो. दुसरा हप्ता त्या आकड्यावरून ठरवा. पैसे भरणारी ७८ असतील तर दुसरा हप्ता १९० रुपयांचा येईल. ८८ असतील, म्हणजे दोन्ही बस भरल्या, तर एकूण खर्च राखीव रकमेसह ४७,३०० होईल, ८८ ने भागून ५३७ रुपये ५० पैसे येतील, ते ५४० धरा, आणि दुसरा हप्ता १४० वरच थांबेल. जाहीर केलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे मागणारे पत्र पालकांच्या हातात पडणे हे पैसे परत करण्याच्या खटाटोपापेक्षा फार सोपे असते.

बसचे दरपत्रक घेताना १४,००० या आकड्यावर थांबू नका. त्यात किती किलोमीटर आणि किती तास धरले आहेत आणि ते कुठून मोजायचे, हे लेखी घ्या. बरेच बसमालक अंतर आणि वेळ शाळेपासून मोजत नाहीत, बस त्यांच्या आवारातून निघाल्यापासून ती तिथे परत पोहोचेपर्यंत मोजतात. बसचे आवार शाळेपासून अर्ध्या तासावर असेल तर मुलांनी पाऊलही न टाकता तुमचा एक तास खर्च झालेला असतो. टोल, पार्किंग, कर आणि चालकाचा भत्ता भाड्यात आहे की वेगळा, हेही त्याच कागदावर आले पाहिजे. तुमचे गेल्या वर्षीचे १,६०० रुपये याच जागेतून गेले. दोन बसमालकांचे दर तुलनेला घेतले तर एकाच अंतरासाठी, एकाच वेळेसाठी आणि सगळे मिळून असेच मागा, नाहीतर स्वस्त दिसणारा दर शेवटी महाग पडतो. बस न आल्यास किंवा वाटेत बंद पडल्यास दुसरी बस कोण आणि किती वेळात पाठवणार, हे वाक्यही दरपत्रकावर हवे. त्याची किंमत राखीव रकमेतून भागणारी नसते.

प्रवेश तिकिटाबाबत एक अनुभव सांगते. आमच्या एका सहलीत विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर धरून आम्ही पैसे घेतले आणि खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले की ती सवलत शाळेच्या शिक्क्याचे पत्र आधी पाठवून नोंदणी केलेल्या गटांनाच मिळते. पत्र आमच्या फायलीत होते, पण फाइल शाळेत होती. सगळ्या मुलांची तिकिटे पूर्ण दराने काढावी लागली आणि राखीव रक्कम सकाळी दहालाच संपली. तेव्हापासून सवलतीचा दर लेखी उत्तर हातात आल्याशिवाय मी हिशेबात धरत नाही. काही ठिकाणी ठरावीक मुलांमागे एका शिक्षकाला विनामूल्य प्रवेश असतो. तुमच्या आठही शिक्षकांना तो मिळाला तर ९६० रुपये, म्हणजे मुलामागे बारा रुपये वाचतील, पण तेही उत्तर आल्यावरच वजा करा. आत गेल्यावर वेगळे तिकीट लागणारी दालने, खेळ किंवा माहितीपट आहेत का, हे आधीच विचारा आणि ते बघायचे की नाही ते आधीच ठरवा. आत शिरल्यावर मुले दारात उभी राहून आशेने बघत असतात, त्या क्षणी नाही म्हणणे कोणत्याही शिक्षकाला जमत नाही.

खाऊबद्दल थोडेच सांगायचे आहे. त्याची संख्या सगळ्यात शेवटी, आदल्या दिवशी पक्की करता येते, म्हणून ती आधी बांधून घेऊ नका. मात्र खाऊ खोक्यांत येत असेल तर एका खोक्यात किती पाकिटे बसतात ते विचारा. ८० मुले आणि आठ शिक्षक मिळून तुमची ८८ माणसे, बसवरचे चार जण आणि वर चार जास्त, म्हणजे ९६ पाकिटे. चोवीसच्या चार खोक्यांत ती बरोबर बसतात, पण खोके वीसचे असेल तर तुम्हाला शंभर घ्यावी लागतील आणि ७० रुपयांचा हिशेब थोडा हलेल. कोणाला काय खाल्लेले चालत नाही, हे संमतिपत्रातच विचारून घ्या.

पैसे परत करण्याचा नियमही त्याच संमतिपत्रावर छापा. गेल्या वर्षी न आलेल्या मुलांचे काय केले ते तुमच्या पानावर दिसत नाही. बहुधा पूर्ण पैसे परत दिले असावेत, म्हणूनच बसची तूट दिसते. बसची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी नाव मागे घेतले तर सगळे पैसे परत. त्यानंतर पहिला हप्ता परत मिळणार नाही, मात्र प्रतीक्षा यादीतले मूल त्या जागेवर आले तर तोही मिळेल. तिकिटे काढून झाल्यावर आणि खाऊची संख्या कळवल्यावर जे पैसे खरोखर वाचतील तेवढेच परत. आयत्या वेळी आजारी पडलेल्या मुलाचे तिकीट रद्द होऊन ६० रुपये मिळाले तर ते ६० त्याला द्या, आणि राखीव रकमेतून सगळ्यांना जे परत जाईल त्यातला त्याचा वाटाही त्याला द्या. मूल तापाने घरी आणि चारशे रुपयेही गेले, हे पालकांना लागते. पण ते चारशे परत दिले तर ते बसमध्ये बसलेल्या इतर मुलांच्या पैशांतूनच जातात. आधी छापलेला नियम असला की हे समजावून सांगणे शक्य होते, नंतर सांगितले तर ती अडवणूक वाटते.

राखीव ४,००० रुपये एकाच पाकिटात ठेवू नका. दोन्ही बस नेहमी एकत्र राहतील असे नाही, म्हणून २,००० रुपये सुट्या नोटांसह प्रत्येक बसमधल्या एका शिक्षकाकडे द्या आणि पाकिटातच एक कोरा कागद ठेवा. पैसे काढले की त्यावर रक्कम, कारण आणि दोन शिक्षकांच्या सह्या तिथल्या तिथे झाल्या पाहिजेत. संध्याकाळी थकून परतल्यावर आठवून लिहिलेला खर्च कधीच जुळत नाही, आणि तुमची ती काळ्या शाईची 'इतर' ओळ तशीच लिहिली गेली असणार.

परतल्यावर आठवड्याच्या आत हिशेब फलकावर लावा. समजा दोन्ही बसना एकेक तास उशीर झाला आणि १,००० रुपये गेले, बाकी काही झाले नाही. उरलेले ३,००० रुपये ७८ जणांत प्रत्येकी ३८ रुपये होतात. तेवढे परत करा, त्यासाठी वर्गात सही घ्या आणि भागाकारातून उरलेले पाचपन्नास रुपये शाळेच्या सहल खात्यात पावतीने जमा करा. ३८ रुपये परत करण्यात एक तास मोडेल, पण माझ्या मते तो मोडावाच, कारण राखीव म्हणून घेतलेली रक्कम वापरली नाही तर ती पालकांची आहे. आणि त्याच पानावर पहिल्या हप्त्यावेळचा, दुसऱ्या हप्त्यावेळचा आणि बस सुटताना मोजलेला असे मुलांचे तिन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची वही जो कोणी उघडेल, त्याला भागायला पटाचा आकडा शोधावा लागणार नाही.